कर्ज शून्य, सही एक: लग्न ठरल्यावरच्या हिशेबाचं एक प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या गावाकडचा एक मुलगा आणि पुण्यातली एक मुलगी यांचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा जवळच्या हजार-पाचशेत पूर्ण केल्या आहेत. लग्नाआधी पैशांबद्दल बोलायचं दोघांनी स्वतःहून ठरवलं, बोललेही, एकमेकांना कागदही दाखवले. तरी सगळ्यात जड जबाबदारी त्या बोलण्यातून निसटली. कोणी खोटं बोललं नव्हतं, म्हणूनच हे प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

मुलगा 31 वर्षांचा, चाकणच्या एका कारखान्यात अभियंता. हातात येणारा पगार 58,000 रुपये. वडील एसटीतून निवृत्त झालेले, पेन्शन अगदी तुटपुंजी, गावाकडे थोडी कोरडवाहू शेती. धाकटी बहीण शिकतेय. तो दर महिन्याला 15,000 रुपये घरी पाठवतो.

मुलगी 28 वर्षांची, एम.फार्म. झालेली, पुण्यात एका खासगी प्रयोगशाळेत नोकरीला. हातात 42,000 रुपये. तीन बहिणी, भाऊ नाही. वडिलांचं शिवणकामाचं दुकान आहे, पण डोळ्यांमुळे काम कमी झालेलं. आईला मधुमेह. ती दरमहा 8,000 रुपये आईवडिलांना देते.

स्थळ नात्यातून आलं. जानेवारी 2025 मध्ये साखरपुडा झाला आणि लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं. पुण्यात पुढेमागे घर घ्यायचं दोघांच्या मनात होतं, त्यामुळे गृहकर्ज किती मिळेल याची चौकशी करायला ते एका बँकेत गेले. तिथून निघाल्यावर मुलगी म्हणाली, “बँकेला आपली सगळी माहिती आहे, आपल्यालाच एकमेकांची नाही.” त्याच रविवारी दोघं कागद-पेन घेऊन बसले.

पहिला हिशेब

दोघांनी एका वहीत तीन रकाने पाडले: बचत, कर्ज आणि घरी द्यायची रक्कम. सोबत शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती, सहा महिन्यांचे बँक उतारे आणि सिबिलचा अहवाल ठेवला. हा अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क.

मुलाने लिहिलं: मुदत ठेव 2 लाख 20 हजार, पीपीएफमध्ये 3 लाख 10 हजार, कर्ज शून्य. त्याचा अहवालही तेच सांगत होता. गुण 771, क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरलेलं, चालू कर्ज एकही नाही.

मुलीने लिहिलं: शैक्षणिक कर्जापैकी 3 लाख 90 हजार बाकी, व्याज साडेदहा टक्के, हप्ता जवळजवळ 10,000 रुपये, अजून चार वर्षं. वडील त्यात सहकर्जदार. बचतीत मुदत ठेव 60,000 आणि भिशी 1 लाख.

शैक्षणिक कर्जाचा आकडा मुलाला पहिल्यांदाच कळत होता. बोलणी चालू असताना मुलीच्या काकांनी “थोडंफार आहे, लग्नापर्यंत फिटेल” असं सांगितलं होतं. दरमहा 10,000 चं कर्ज चार महिन्यांत फिटत नाही, हे काकांनाही माहीत असणार. मुलीला आपल्या वतीने असं काही सांगितलं गेलंय याचा पत्ताच नव्हता. लग्नाच्या बोलणीत आकडे मोठी माणसं सांगतात आणि ज्यांचे असतात ती दोघं शेजारच्या खोलीत बसलेली असतात, त्यातून असं होतं. म्हणून मध्यस्थांनी काय सांगितलं हे पहिल्याच भेटीत एकमेकांना विचारून घेणं कामाचं ठरतं.

इथे एक वेगळंच वळण लागू शकलं असतं. मुलाच्या आत्याने हा आकडा ऐकून “तिच्या वडिलांनीच लग्नाआधी ते मिटवून द्यावं” असं सुचवलं. मुलाने त्याच बैठकीत नाही म्हटलं. शिक्षण तिचं, पगार त्या शिक्षणामुळे मिळणारा आणि तो पगार उद्या दोघांच्या घरात येणार, मग हप्ता मात्र सासऱ्यांनी भरायचा, हे त्याला पटलं नाही. माहिती मोकळेपणाने सांगितली की तिची मागणी होते, ही भीती मुलीकडच्यांना असते आणि ती खोटी नसते. ती भीती घालवायची असेल तर ज्याला माहिती मिळाली त्याने आपल्या घरच्यांना तिथल्या तिथे अडवायला हवं. या मुलाने ते केलं आणि पुढे त्याच्यावर पाळी आली तेव्हा त्याचा उपयोग झाला.

बचतीच्या रकान्यातली भिशी

मुलीच्या भिशीबद्दल दुसऱ्या भेटीत प्रश्न निघाला. भिशी वीस जणींची, दरमहा 5,000 रुपयांची, चिठ्ठी टाकून रक्कम देणारी. तिची चिठ्ठी सहाव्या महिन्यात निघाली होती, तिने 1 लाख उचलले होते आणि त्यातले बरेचसे साखरपुड्यात खर्च झाले होते. तिच्या डोक्यात मात्र “भिशी म्हणजे आपली बचत” असंच होतं, म्हणून वहीत ती बचतीत गेली.

हिशेबाने पाहिलं तर भिशी उचलेपर्यंत बचत असते आणि उचलली की उरलेले हप्ते हे कर्ज असतं. तिला अजून 14 महिने 5,000 रुपये भरायचे होते, म्हणजे 70,000 रुपयांचं देणं. वहीतली तिची बाजू एका ओळीने 1 लाख 70 हजारांनी बदलली. तिला ओशाळल्यासारखं झालं, पण ही चूक फार जणांकडून होते. कारण भिशीला व्याज नसतं, बँक नसते, पत्र येत नाही आणि ती कुठल्याही अहवालात दिसत नाही.

भिशीची ओळ दुरुस्त झाल्यावर दोघांनी वही मिटली. आता सगळं समोर आलं असं त्यांना वाटलं.

अडचण

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गावच्या घरी एक रजिस्टर पत्र आलं. एका पतसंस्थेने तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज केला होता. जाबदेणार क्रमांक एक मुलाचा चुलतभाऊ आणि क्रमांक दोन मुलगा स्वतः. मागणी 3 लाख 60 हजार रुपयांची, सुनावणीची तारीख तीन आठवड्यांवर.

घडलं होतं ते असं. 2022 च्या सुरुवातीला चुलतभावाने दूध वाहतुकीसाठी टेम्पो घेतला. पतसंस्थेचं कर्ज 5 लाखांचं, 14 टक्के व्याजाने, पाच वर्षांचं. हप्ता 11,600 च्या आसपास. पगारदार जामीनदार हवा म्हणून संस्थेचा माणूस घरी आला आणि मुलाने ओट्यावर बसून जामीनपत्रावर सह्या केल्या, दोन कोरे धनादेशही दिले. भावाने 27 हप्ते वेळेवर भरले. मग दूध संकलनाचं काम हातचं गेलं आणि मे 2024 पासून हप्ते थांबले. हप्ते थांबल्यावर, या रजिस्टर पत्राच्या आधी, दोन मागणी नोटिसा मुलाच्या नावाने गावी आल्या होत्या. त्या चुलत्यांनी “आम्ही बघतो” म्हणून घेऊन ठेवल्या.

मुलाने “कर्ज शून्य” लिहिलं ते खरंच होतं, कारण त्याने एक रुपयाही घेतला नव्हता. त्या कर्जाला तो “दादाचं कर्ज” म्हणत होता. कायदा मात्र असा फरक करत नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागलं पाहिजे असं बंधन नाही. ती थेट जामीनदाराकडे येऊ शकते आणि सहसा येते, कारण पगार त्याचा असतो.

मग सिबिलच्या अहवालात हे का दिसलं नाही? बँकेच्या कर्जाला जामीन असाल तर ते खातं तुमच्या अहवालात जामीनदार म्हणून दिसतं. पतसंस्थांची कर्जं बहुधा त्या अहवालांत जातच नाहीत. म्हणून निष्कलंक अहवाल एवढंच सांगतो की ज्या संस्था माहिती पाठवतात त्यांच्याकडे तुमची थकबाकी नाही. पतसंस्था, भिशी, हातउसने, सोनाराकडचं गहाण, सावकार हे सगळं त्याच्या बाहेर राहतं. ग्रामीण आणि निमशहरी महाराष्ट्रात घराघरातलं देणं नेमकं याच जागी असतं.

पत्र आल्यावर वडिलांनी ते आठ दिवस कपाटात ठेवलं. “लग्न तोंडावर आलंय, आत्ता हा विषय नको,” असं त्यांचं म्हणणं. मुलाला ते शनिवारी घरी गेल्यावर कळलं.

समोर असलेले मार्ग

पहिला प्रश्न पैशांचा नव्हता, मुलीला कधी सांगायचं हा होता. घरातल्या मोठ्यांचा आग्रह लग्न होऊ द्यावं असा होता. मुलाने त्याच रात्री फोन केला. मुलीने एकच विचारलं, “तुला ही सही आठवली नाही, की सांगायची नव्हती?” तो म्हणाला, “आठवली असती तरी कर्ज म्हणून आठवली नसती.” तिला हे उत्तर लगेच पटलं नाही. चार दिवस ती या विषयावर बोलली नाही. पण नंतर ज्या गोष्टीमुळे ती पुन्हा बोलायला तयार झाली ती म्हणजे पत्राचा फोटो. त्याने फोननंतर पाचच मिनिटांत नोटिशीची सगळी पानं तिला पाठवली होती, काही झाकलं नव्हतं. कपाटातल्या आठ दिवसांबद्दलही त्याने स्वतःहून सांगितलं.

मग चार मार्गांवर दोघांनी विचार केला.

लग्न पुढे ढकलायचं म्हटलं तर तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं असतं. कार्यालयाचा 40,000 रुपयांचा विसार बुडाला असता. आणि नेमकी जबाबदारी किती हे कळल्याशिवाय पुढे ढकलण्याला अर्थही नव्हता.

सगळी रक्कम मुलाने भरून मोकळं व्हायचं, हा घरच्यांना सगळ्यात सोयीचा वाटलेला मार्ग. मुदत ठेव मोडायची, उरलेल्यासाठी वैयक्तिक कर्ज काढायचं. यात दुसऱ्याचं कर्ज फेडायला स्वतःच्या नावाने नवं कर्ज उभं राहणार होतं आणि टेम्पो चुलतभावाच्या दारात तसाच राहणार होता. मुलीचा याला ठाम विरोध होता. तो योग्यच होता.

सुनावणीला न जाणं हा न बोलता निवडला जाणारा मार्ग. बरेच जामीनदार घाबरून किंवा “आपला काय संबंध” म्हणून जात नाहीत. मग एकतर्फी वसुली दाखला निघतो. त्यानंतर वसुली अधिकारी याच कायद्याखालच्या 1961 च्या नियमांतल्या नियम 107 प्रमाणे जंगम आणि स्थावर मालमत्तेच्या जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण तो दाखल करून घ्यायला वसुलीच्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. म्हणजे सुनावणीला फुकट मिळणारी बोलायची संधी नंतर 1 लाख 80 हजारांना पडली असती.

चौथा मार्ग तडजोडीचा: सुनावणीला हजर राहायचं, खातं तपासायचं, तारण विकायला लावायचं आणि उरलेली रक्कम सगळ्या सह्या करणाऱ्यांत वाटून घ्यायची. वेळखाऊ आणि घरात वाईटपणा घेणारा. दोघांनी तो निवडला.

काय केलं

मुलाने आधी पतसंस्थेत लेखी अर्ज देऊन चार कागद मागितले: कर्जाचा अर्ज, जामीनपत्र, खातेउतारा आणि आधी पाठवलेल्या नोटिसांच्या प्रती. जामीनपत्रावरून एक महत्त्वाची गोष्ट कळली. दुसरा एक जामीनदारही होता, गावातला किराणा दुकानदार. तो नोटिशीत जाबदेणार क्रमांक तीन होता, पण पहिल्या धक्क्यात पुढचं पान कोणी वाचलंच नव्हतं. करार कायद्यानुसार सहजामीनदारांनी आपसात बोजा सारखा वाटून घ्यायचा असतो. संस्था मात्र पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून मागू शकते, म्हणून दुसऱ्याला सोबत घेऊनच बोलणी करणं गरजेचं होतं.

खातेउताऱ्यात मुद्दल 3 लाख 17 हजार, थकीत व्याज 37,000 आणि दंडव्याज व नोटीस खर्च मिळून 6,000 रुपये निघाले. हे गणित ताडून पाहता येतं. 5 लाखांचं पाच वर्षांचं कर्ज 14 टक्क्यांनी 27 हप्ते फेडल्यावर साधारण एवढंच उरतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा जास्त असतो. आकडे बरोबर आहेत हे कळल्यावर वाद घालण्यात वेळ गेला नाही. शिवाय कर्ज देताना संस्थेने भावाला आपले 12,500 रुपयांचे भाग, म्हणजे शेअर, घ्यायला लावले होते. ती रक्कम कर्जात वळती करता येते, पण मागितल्याशिवाय कोणी करत नाही.

सुनावणीला दोन्ही जामीनदार आणि चुलतभाऊ तिघंही गेले. तडजोडीसाठी मुदत मागितली, ती मिळाली. संस्थेलाही जप्तीपेक्षा रोख वसुली हवी असते, विशेषतः मार्चअखेरीस.

सगळ्यात अवघड काम टेम्पो विकण्याचं होतं. चुलतभावाला तो विकायचा नव्हता. “पुन्हा काम मिळेल” हे तो वर्षभर म्हणत होता आणि टेम्पो वर्षभर उभा होता. शेवटी मुलाच्या वडिलांनीच मोठ्या भावाशी, म्हणजे चुलत्यांशी, बोलायचं पत्करलं. आठ दिवस पत्र लपवणाऱ्या वडिलांनी हे केलं, याला मुलीच्या मनात पुढे मोठं स्थान राहिलं. एप्रिलमध्ये टेम्पो 2 लाख 10 हजारांना गेला. गिऱ्हाइकाने पैसे भावाच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरायचे, ही अट आधीच घातली होती. त्यानंतर आरसीवरचा बोजा उतरवायला संस्थेने फॉर्म 35 वर सही करून दिली. पैसे हातात देण्याची मुभा ठेवली असती, तर ते दुसऱ्याच उधारीत जाण्याची दाट शक्यता होती.

आता हिशेब असा झाला. तोवर चढलेल्या व्याजासह देणं 3 लाख 67 हजार. त्यातून भागांचे 12,500 गेले. दंडव्याज आणि नोटीस खर्चाचे 6,000 संचालक मंडळाने ठराव करून सोडले. टेम्पोचे 2 लाख 10 हजार वजा जाता उरले 1 लाख 38 हजार 500. चुलतभावाने 38,500 भरायचे, दोन्ही जामीनदारांनी 50,000 प्रत्येकी. मुलाने मुदत ठेवीतून आपले 50,000 लगेच भरले. दुकानदाराने महिन्याला 10,000 प्रमाणे सप्टेंबरपर्यंत भरायचं ठरलं आणि तोवर वाढीव व्याज लावायचं नाही, हे संस्थेकडून लेखी घेतलं.

मुलाने भरलेले 50,000 चुलतभावाकडून परत मागण्याचा त्याला कायद्याने हक्क आहे, कारण पैसे भरणारा जामीनदार त्या रकमेपुरता सावकाराच्या जागी येतो. म्हणून भावाकडून साध्या कागदावर नाही, तर तारीख, रक्कम आणि परतफेडीची मुदत लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी पावती घेतली. घरात याचा थोडा राग आला. पण न लिहिलेली रक्कम तीन वर्षांत आठवणींच्या वादात जाते.

घरच्या जबाबदाऱ्या कशा मांडल्या

पतसंस्थेचं प्रकरण मार्गी लागत असतानाच दोघांनी वही पुन्हा उघडली आणि “घरी द्यायची रक्कम” हा रकाना नव्याने लिहिला. पहिल्या वेळी त्यात फक्त आकडे होते: 15,000 आणि 8,000. या वेळी प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहिल्या. पैसे कशासाठी, कधीपर्यंत, आणि कमी करायची वेळ आली तर कोणाला कोण सांगणार.

यातून जे बाहेर आलं ते आधी कोणी बोललं नव्हतं. मुलाच्या 15,000 मध्ये बहिणीची फी धरलेलीच नव्हती, ती वर्षाला वेगळी 80,000 होती आणि तो ती बोनसमधून भरत होता. बहिणीचं लग्न तीन वर्षांत येणार आणि त्याचा खर्च आपणच करायचा हे त्याच्या घरात गृहीत होतं, पण आकडा कधीच निघाला नव्हता. मुलीच्या बाजूला, आईवडिलांना पैसे देणं लग्नानंतरही चालू राहणार आणि वय वाढेल तशी रक्कम वाढणार, हे तिला स्पष्ट होतं. मुलाच्या आईला ते माहीतच नव्हतं. त्यांच्या समजुतीत लग्नानंतर मुलीचा पगार “इकडचा” होता. हे मुलीने सासूबाईंना सांगायचं की मुलाने, यावर दोघं बराच वेळ अडले. शेवटी आपापल्या आईवडिलांना आपणच सांगायचं, हा नियम केला. मुलाने आईला सांगितलं, “तिचे आठ हजार तिच्या घरी जाणार, जसे माझे पंधरा आपल्याकडे येतात.” आईला वाईट वाटलं, पण ते मुलाच्या तोंडून ऐकल्यामुळे सुनेवर राग धरायला जागा राहिली नाही.

बहिणीच्या लग्नासाठी मर्यादा ठरवली. दरमहा 8,000 ची तीन वर्षांची आवर्ती ठेव, व्याजासह साधारण 3 लाख 15 हजारांपर्यंत जाणारी. त्यापुढचा खर्च वडील आणि बहीण मिळून ठरवतील. हे बहिणीला तेव्हाच सांगितलं. तिची प्रतिक्रिया सगळ्यांना अनपेक्षित होती: तिला एवढ्या खर्चाचं लग्न नकोच होतं.

महिन्याचा ताळेबंद शेवटी असा बसला. दोघांचे मिळून 1 लाख येतात. त्यातून गावी 15,000, आवर्ती ठेव 8,000, मुलीच्या आईवडिलांना 8,000, शैक्षणिक कर्जाचा हप्ता 10,000, भिशी 5,000 आणि घरभाडं 16,000, असे 62,000 आधीच बांधलेले. उरलेल्या 38,000 मध्ये घर चालवायचं आणि मुदत ठेवीचा खड्डा भरायचा. हे समोर आल्यावर गृहकर्जाचा विषय दोघांनी न भांडता दोन वर्षं बाजूला ठेवला. बँकेने त्यांच्या उत्पन्नावर जेवढं कर्ज मिळेल म्हणून सांगितलं होतं, त्यात या 62,000 मधला फक्त 10,000 चा हप्ता धरलेला होता.

निष्पत्ती

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. मुलीचे वडील लग्नासाठी दागिने गहाण ठेवून 3 लाख काढणार होते, ते याच चर्चेत समोर आलं आणि पाहुण्यांची संख्या निम्म्याने कमी करून, खर्च दोन्ही घरांत वाटून ते टळलं.

दुकानदाराने शेवटचा हप्ता सप्टेंबरअखेर भरला. ऑक्टोबर 2025 मध्ये संस्थेने बेबाकी दाखला दिला आणि कलम 101 चा अर्ज मागे घेतल्याचं पत्र दिलं. दोन कोरे धनादेश मात्र आपोआप परत आले नाहीत. त्यासाठी दोन फेऱ्या आणि एक लेखी अर्ज लागला. जामीनदाराने दिलेला धनादेश न वटल्यास त्यावरही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली खटला होऊ शकतो, म्हणून ते हातात येईपर्यंत प्रकरण संपलं असं धरलं नाही.

लग्नानंतर दोघांनी पीएफचं नामनिर्देशन नव्याने केलं. पीपीएफवर वडिलांचं नाव होतं, तिथे पत्नी आणि वडील असे हिस्से लिहिले आणि वडिलांना तसं सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठा बदल प्रश्नात करायला हवा होता. “तुझ्यावर कर्ज किती?” असं विचारलं की माणूस स्वतः घेतलेल्या पैशांचा विचार करतो. “तुझी सही कुठे कुठे आहे?” असं विचारलं असतं तर ओटा, पतसंस्थेचा माणूस आणि ते दोन धनादेश आठवले असते. या एका प्रश्नात जामीन, सहकर्जदार, दिलेले कोरे धनादेश, मित्राला आपल्या नावावर हप्त्याने घेऊन दिलेला फोन आणि भागीदारीचे कागद सगळे येतात. वहीतला चौथा रकाना “सह्या” असायला हवा होता. तो भरताना आईवडिलांनाही विचारायला हवं, कारण वीस-बाविसाव्या वर्षी “इथे सही कर” म्हणून केलेल्या सह्या मुलांना आठवत नाहीत, त्यांना आठवतात.

दुसरं, गावच्या पत्त्यावर येणारी पत्रं. मुलगा पुण्यात राहून पाच वर्षं झाली होती, तरी पतसंस्थेकडे गावचाच पत्ता होता. पहिली मागणी नोटीस त्याच्या हातात पडली असती तर थकबाकी चार-पाच हप्त्यांची होती, साठ हजारांच्या आतली. ज्या ज्या ठिकाणी सही आहे तिथे आपला चालू पत्ता आणि फोन लेखी कळवणं, आणि कर्जदाराकडून वर्षातून एकदा खातेउतारा मागणं, एवढ्यावर हे थांबलं असतं. जामीन द्यायचाच झाला तर कर्जदाराला हा उतारा मागणार असल्याचं सही करतानाच सांगावं.

तिसरं वेळेचं. हा हिशेब साखरपुड्यानंतर झाला. साखरपुड्याआधी झाला असता तर काकांचं “लग्नापर्यंत फिटेल” तिथेच दुरुस्त झालं असतं आणि भिशीचा लाख साखरपुड्यात गेला नसता. अनोळखी स्थळाला पहिल्या भेटीत बँक उतारे दाखवावेत असं नाही. पण पसंती कळवल्यानंतर आणि तारीख काढण्याआधी, दोघांनीच एकदा बसण्याइतका अवधी जवळपास प्रत्येक घरात मिळतो. त्या वेळी अहवाल, पगारपत्रक आणि देण्यांची यादी पुरते. खात्याचे पासवर्ड, पिन किंवा ओटीपी कोणी मागितले तर ते देऊ नयेत. त्यांची या कामाला गरज नसते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. चुलतभाऊ आता दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहे आणि त्याने 50,000 पैकी 15,000 परत केले आहेत. वहीत उरलेले 35,000 “येणं” या ओळीत लिहिलेले आहेत, पण महिन्याच्या बेरजेत दोघं ते शून्यच धरतात.